दोन लाद्यांचं अंतर : जपानी सहकाऱ्यांचं सोलापुरात स्वागत करताना

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात मी एक्सपोर्टचं काम बघतो. पहिल्यांदा जपानहून तीन माणसं आमच्याकडे दोन आठवड्यांसाठी आली, तेव्हा गेटवरच डोक्याला डोकं आपटलं. एक डोकं आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरचं, दुसरं त्यांच्या विभागप्रमुखांचं. आमच्या साहेबांनी हात पुढे केला, पाहुणे वाकले. ते वाकले म्हणून साहेबही वाकले, आणि ठक्कन आवाज आला. दोघंही हसले, पण पाहुण्यांच्या चष्म्याची काडी वाकली होती. पुढचा अर्धा तास मी गावात चष्म्याचं दुकान शोधत फिरत होतो.

तेव्हापासून तीन-चार तुकड्या येऊन गेल्या. ही मंडळी ग्राहक म्हणून तासाभरासाठी येत नाहीत. आमच्या क्वालिटीवाल्यांबरोबर रोज आठ तास लूमवर, डाइंगमध्ये, तपासणीच्या टेबलावर काम करतात, त्यामुळे एकदा हारतुरे घालून भागत नाही. पहिली भेट, रोज सकाळची भेट आणि निरोप, तिन्ही नीट व्हावं लागतं. आम्ही चुकत चुकत जे बसवलं ते इथे क्रमाने लिहितो. जपानचंच उदाहरण धरलंय, कारण वाकणं, हात मिळवणं आणि अंतर या तिन्हींचा गुंता तिथे एकत्र येतो.

आधी अंतर, मग बाकीचं

बहुतेक जण "किती वाकायचं?" इथून सुरुवात करतात. मी म्हणेन, आधी कुठे उभं राहायचं ते ठरवा. आमच्या रिसेप्शनला दोन फुटी लाद्या आहेत, आणि त्याच आमची मोजपट्टी झाल्या.

हिशेब सोपा आहे. माणसाचं कमरेपासून टाळूपर्यंतचं अंग साधारण ८० सेंटिमीटर असतं. ३० अंशात वाकलं की डोकं जवळपास ४० सेंटिमीटर पुढे येतं. समोरचाही तेवढाच वाकला तर दोघांची मिळून ८० सेंटिमीटर जागा खाल्ली जाते. हात मिळवायला आपण तीन फुटांवर, म्हणजे ९० सेंटिमीटरवर उभे राहतो. उरले १० सेंटिमीटर, त्यात एकाने जरा पाऊल पुढे टाकलं की टक्कर ठरलेली. चार फुटांवर, म्हणजे दोन लाद्या सोडून उभं राहिलं तर मध्ये सव्वा फुटाच्या वर जागा शिल्लक राहते.

म्हणून पहिला नियम असा: पाहुणा गाडीतून उतरून आपल्याकडे येतोय तोवर आपण दोन लाद्या सोडून थांबायचं. पुढे धावायचं नाही. सोलापुरात पाहुणा दिसला की "या या या" म्हणत आपण दारापर्यंत जातो, त्याच्या हातातली बॅग घेतो, खांद्यावर हात ठेवून आत नेतो. प्रेम त्यात असतंच, पण समोरच्याला वाकायला जागा राहत नाही.

एडवर्ड हॉल नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ साली माणसामाणसांतल्या अंतराचे टप्पे मांडले होते. त्यात जवळच्या ओळखीची हद्द सुमारे चार फुटांवर संपते आणि कामकाजाचं अंतर तिथून सुरू होतं. त्याने निरीक्षण केलं ते मुख्यतः अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय माणसांचं, त्यामुळे तो आकडा जगभर लागू करण्यात अर्थ नाही. आणि जपानी माणूस म्हणजे कायम लांब, असंही नाही. टोकियोच्या लोकलमध्ये सकाळी ते एकमेकांना चिकटूनच उभे असतात. फरक प्रसंगाचा आहे. गर्दीत चिकटणं वेगळं, आणि ओळख करून घेताना मोकळी जागा असूनही जवळ येणं वेगळं.

एका वेळी एकच गोष्ट

दुसरा नियम त्या टकरीनेच शिकवला. हात आणि वाकणं एकत्र करायचं नाही. दोन्ही करायचंच असेल तर एक पूर्ण संपवून मग दुसरं.

आम्ही क्रम असा बसवला आहे. दोन लाद्यांवर थांबायचं, चेहऱ्याकडे बघायचं, हात जोडून "नमस्कार" म्हणायचं. शब्द पूर्ण झाला की मान आणि खांदे थोडे खाली न्यायचे, मग सरळ व्हायचं. जपानमध्येही नोकरीला लागलेल्या पोरांना हाच क्रम शिकवतात, आधी बोलणं मग वाकणं. वाकता वाकता बोललं तर आवाज जमिनीला ऐकू जातो. सरळ झाल्यावर समोरच्याच्या उजव्या हाताकडे लक्ष ठेवायचं. तो पुढे आला तर अर्धी लादी पुढे सरकून हात मिळवायचा. नाही आला तर आपणही न्यायचा नाही.

किती वाकायचं? त्यांच्याकडे कामाच्या ठिकाणी मुख्यत्वे दोन प्रकार चालतात. जाता-येता सहकाऱ्याला करायचं ते सुमारे १५ अंशांचं, त्याला 'एशाकु' म्हणतात. पाहुण्याला, वरिष्ठाला करायचं ते सुमारे ३० अंशांचं, ते 'केइरेइ'. त्याहून खोल वाकणं माफी मागताना किंवा फार मोठे उपकार मानताना. पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकतात, पुरुषांचे हात पँटच्या शिवणीला टेकलेले, बायकांचे पुढे एकमेकांवर ठेवलेले, आणि नजर खाली. आपण मान तेवढी खाली घालतो आणि डोळे वर ठेवून समोरच्याकडे बघत राहतो. ते त्यांना जरा विचित्र दिसतं.

माझं मत विचाराल तर आपण ३० अंशांच्या फंदात पडूच नये. मोजून वाकणारा सोलापूरकर नाटकातल्या शिपायासारखा दिसतो. आपला नमस्कार आणि त्याबरोबर १५ अंशांचं वाकणं पुरतं, आणि ते आपल्या अंगाला शोभतं. जपानी लोक देवळात आणि जेवणाआधी हात जोडतात, माणसाला भेटताना सहसा नाही. पण नमस्कार ही भारताची पद्धत आहे हे त्यांना ठाऊक असतं. उलट आमच्याकडे आलेली एक तरुण इन्स्पेक्टर दुसऱ्या दिवसापासून स्वतःच हात जोडायला लागली.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवा, विशेषतः वारी करणाऱ्या घरातल्या पोरांना. वारीत एक वाकला की दुसराही वाकतो, दोघं एकमेकांच्या पायाला हात लावतात आणि "माउली" म्हणत उठतात. आमच्या पॅकिंगमधल्या एका पोराने साठीचे जपानी गृहस्थ वाकलेले बघितले आणि सवयीने खाली जाऊन त्यांच्या बुटांना हात लावला. गृहस्थ दचकून मागे सरकले. त्यांना वाटलं, पोराचं काहीतरी खाली पडलं, मग वाटलं त्याला चक्कर आली. पोरगं बिचारं दिवसभर कानकोंडं होऊन फिरत होतं.

आणखी एक गंमत. आपण वाकलो की ते परत वाकतात, आपण परत, ते परत. ही साखळी तोडायची कशी? प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी वाकायचं. दुसऱ्यांदा नुसती मान हलवायची आणि हाताने आत जायची दिशा दाखवायची. दिशा दाखवली की पाय चालायला लागतात.

हात आलाच पुढे, तर

परदेशी माणसांशी रोज व्यवहार करणारे जपानी लोक बऱ्याचदा स्वतःहून हात पुढे करतात. तो हात मऊ पकडतो, त्यावरून "माणसात दम नाही" असा निष्कर्ष काढू नका. घट्ट पकड म्हणजे विश्वास हा समज त्यांच्याकडे तितका नाही. आपण एक-दोनदा हलवून सोडून द्यायचा.

सोडून द्यायचा हे मुद्दाम लिहितोय. आपल्याकडे हात हातात घेऊन "काय म्हणता, प्रवास कसा झाला, जेवलात का" सगळं विचारून होतं, डावा हात त्यावर ठेवलेला असतो, आणि मग तोच डावा हात खांद्यावर जातो. आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरांना मी म्हटलं, "साहेब, प्रश्न विचारा की, पण हात सोडून विचारा." त्यांनी आता प्रश्न विचारताना दोन्ही हात पाठीमागे बांधायची सवय लावून घेतली आहे.

मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना तळहात ओले असतात, तेव्हा नमस्कारच बरा. आमच्या तपासणी विभागात बायका जास्त आहेत, आणि त्यातल्या काही जणींना परक्या पुरुषाशी हात मिळवायला नको वाटतं. त्यांना मी एवढंच सांगितलं की पाहुणा दोन लाद्यांवर यायच्या आतच हात जोडा. जोडलेले हात दिसले की समोरचा आपला हात बाहेर काढत नाही. तरी कुणाचा आलाच, तर जोडलेले हात तसेच ठेवून हसून मान झुकवायची. त्यात कुणाचा अपमान होत नाही, आणि हात घ्यावासा वाटला तर घ्यावा.

हाच नियम उलटा वापरता येतो. बाहेरून आलेल्या एखाद्या मुस्लिम बाईंना, किंवा धर्म कडक पाळणाऱ्या कुणालाही, आपण आधी हात पुढे करायचा नाही. त्यांनी केला तर मिळवायचा. जर्मन माणूस आला तर मात्र सगळं वेगळं. तो खोलीतल्या प्रत्येकाशी, बाई असो वा पुरुष, एकेक करून हात मिळवतो, डोळ्यात बघतो, आणि एखाद्याला वगळलेलं त्यालाच चुकल्यासारखं वाटतं. तिथे नमस्कार करून बाजूला झालेला माणूस तुटक वाटू शकतो, म्हणून नमस्कारासोबत दोन शब्द बोलावेत.

कार्ड म्हणजे माणूसच

जपानी भेटीत वाकण्याइतकंच महत्त्व व्हिजिटिंग कार्डाला, त्यांच्या 'मेइशी'ला आहे. आपण कार्ड पत्त्यासारखी वाटतो. त्यांच्याकडे कार्ड म्हणजे त्या माणसाचा चेहराच समजतात.

टेबलावरून कार्ड सरकवायचं नाही. उठून, टेबलाला वळसा घालून समोरासमोर जायचं. कार्ड दोन्ही हातांत, अक्षरं समोरच्याला सरळ वाचता येतील अशी धरायची. कंपनीचं नाव आणि आपलं नाव सांगायचं, मग द्यायचं. घेताना त्यांचं कार्डही दोन्ही हातांनी घ्यायचं आणि तीन-चार सेकंद खरोखर वाचायचं. नाव मोठ्याने उच्चारून "बरोबर ना?" विचारलं तर उत्तम. आडनावामागे 'सान' लावायचं, समजा तानाका तर तानाका-सान. स्वतःच्या नावाला कधी 'सान' लावायचं नाही. इंग्रजी कार्डावर आडनाव आधी की नंतर याचा भरवसा नसतो, म्हणून पहिल्याच दिवशी विचारून घ्यायचं.

क्रम हुद्द्याचा. त्यांचे सर्वांत मोठे आणि आपले सर्वांत मोठे, ही जोडी आधी. त्यासाठी येणाऱ्यांचे हुद्दे आदल्या दिवशी मेल करून मागवा. 'बुचो' म्हणजे विभागप्रमुख, 'काचो' त्याखालचा. आम्ही पहिल्या वेळी वयावरून अंदाज बांधला आणि पांढऱ्या केसांच्या तंत्रज्ञाला मानाची खुर्ची दिली. त्याच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान असलेला त्याचा काचो शेजारी उभाच. तंत्रज्ञ काही केल्या बसेना. मानाची खुर्ची त्यांच्याकडे दारापासून सर्वांत लांबची असते, हेही तेव्हाच कळलं.

घेतलेलं कार्ड लगेच खिशात घालायचं नाही, आणि मागच्या खिशात तर नाहीच. मीटिंग संपेपर्यंत ती कार्डं टेबलावर, समोर माणसं ज्या क्रमाने बसलीत त्याच क्रमाने मांडून ठेवायची. नावं विसरायची सोय नाही, हा त्याचा खरा फायदा. त्यावर त्यांच्या देखत काही लिहायचं नाही. आमचे डाइंगचे मास्तर, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, मनाने राजा माणूस. त्यांनी समोरच्या कार्डावर चहाचा कप ठेवला. टेबलाला डाग पडू नये म्हणून! कप उचलला तर बुचोंच्या नावावर गोल तपकिरी कडं. बुचो काही बोलले नाहीत, पण त्यांची नजर त्या कड्यावरून हलेना. अण्णांनी नंतर विचारलं, "काय झालं हो, साखर कमी होती काय?"

टिळा, हार आणि टॉवेल

औक्षण, टिळा, हार, शाल, श्रीफळ. हे सगळं सोलापुरात होणारच, आणि ते बंद करा असं मी म्हणत नाही. पण यातलं प्रत्येक काम पाहुण्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होतं. म्हणून आदल्या दिवशी फोटो पाठवून सांगतो की असं करतो, चालेल का? चालेल म्हणाले तर करायचं. न सांगता कपाळाकडे बोट गेलं की माणूस डोळे मिटून मागे होतो, आणि कुंकू नाकाला लागतं.

हार गळ्यात घालण्यापेक्षा फुलं हातात द्यावीत. त्यातही पांढरी आणि पिवळी शेवंती टाळा. आपल्याकडे तीच सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ, पण जपानमध्ये ती अंत्यविधीची आणि थडग्यावर वाहायची फुलं समजतात. गुलाब, झेंडू चालतो.

टॉवेल-टोपी देण्याची आपली पद्धत मात्र इथे मस्त लागू पडते. जपानमध्ये नवीन वर्षाच्या भेटीला ग्राहकांकडे जाताना कंपन्या आपलं नाव छापलेला पातळ टॉवेल देतात. नव्या घरी राहायला गेलेला माणूसही शेजाऱ्याला टॉवेल देऊन ओळख करून घेतो. त्यामुळे घडी केलेला सोलापुरी टॉवेल दोन्ही हातांनी दिला की त्यांना अर्थ समजावून सांगावा लागत नाही. फक्त चारचा सेट देऊ नका, चार या आकड्याचा एक उच्चार मृत्यूच्या शब्दासारखाच आहे. हातरुमालही नको, तो ताटातुटीचा समजतात. आमच्याकडे तीनचा सेट जातो. आणि दिल्यावर पाहुण्याने लगेच बोटाने पाइल दाबून पाहिली, कड उलटी करून शिवण पाहिली, तर वाईट वाटून घेऊ नका. तो कामावरच आलाय.

लूमच्या आवाजात

सगळ्यात जास्त अंतर मोडतं ते शेडमध्ये. रेपिअर लूम चालू असताना आवाज नव्वद डेसिबलच्या पुढे असतो. शेजारच्याला सांगायचं तर कानाला तोंड लावावं लागतं, आणि आमची माणसं तेच करतात, वर दंडाला धरून ओढतात.

समोरच्याला जवळीक नकोशी झाली हे ओळखायच्या तीन खुणा मी पोरांना दाखवल्या आहेत. त्याचा भार मागच्या पायावर जातो. हातातली फाइल छातीशी येते. खांदा आपल्याकडे तिरका होतो. अशा वेळी आपण पुढे सरकायचं नाही, उलट अर्धं पाऊल मागे घ्यायचं. नाहीतर तो मागे, आपण पुढे, तो मागे, असं करत आमच्या एका सुपरवायझरने एका इन्स्पेक्टरला सहा नंबरच्या लूमपासून दारापर्यंत नेलं होतं. दोघांनाही कळलं नाही की आपण चाललो आहोत.

उपाय म्हणजे जे बोलायचं ते शेडमध्ये शिरण्याआधी बाहेर बोलून घेणं, आणि आत एक पुठ्ठा आणि मार्कर जवळ ठेवणं. लूम नंबर, पिक, दोष कुठे, एवढं लिहून दाखवलं की काम भागतं. समोरासमोर उभं राहण्याऐवजी शेजारी उभं राहून दोघांनी कापडाकडे बघावं, तसं जवळ उभं राहिलेलं खटकत नाही. याला अपवाद एकच. कुणी चालू मशीनच्या पट्ट्याकडे वाकतोय असं दिसलं तर दंड धरून मागे ओढायचं. तेव्हा लाद्या मोजत बसू नका.

रोज सकाळी, आणि शेवटी

पहिल्या दिवसाचा थाट दुसऱ्या दिवशी नको. रोज सकाळी "ओहायो गोझाइमास" म्हणून मान झुकवली की झालं. त्यानंतर दिवसभरात पॅसेजमध्ये जितक्या वेळा समोर येतील तितक्या वेळा हलकं एशाकु. आपल्याला वाटतं, सकाळी भेटलो की, परत कशाला? त्यांच्याकडे न बघता शेजारून जाणं कोरडेपणाचं वाटतं. संध्याकाळी निघताना "ओत्सुकारेसामा", म्हणजे साधारण "दमलात, खूप काम केलंत". आमच्या तपासणीतल्या मावशी पहिल्या आठवड्यातच ते म्हणायला शिकल्या, आणि उत्तरादाखल त्यांना "येते हं" ऐकू यायला लागलं.

निरोपाला आपण घाई करतो. गाडीचं दार लावलं, हात हलवला, वळलो आणि खिशातून मोबाईल काढला. त्यांच्याकडे गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभं राहतात. गाडी सुटताना एकदा वाकायचं आणि मग हात खाली ठेवून उभं राहायचं. पाहुणा मागच्या काचेतून वळून बघतो, बघतोच. आमच्या गेटपासून मोठ्या रस्त्याचं वळण दोनेकशे मीटरवर आहे, तिथे पोचायला मिनिटभरही लागत नाही. गेल्या खेपेला आम्ही पाच जण रांगेत उभे होतो आणि वॉचमन मामा गेट ओढायला लागले. अण्णांनी त्यांचा हात धरला. "थांबा ओ मामा, अजून वळली नाय गाडी."